इन्सुलिनला उन्हाइतकाच बर्फाचाही धोका

प्रवासात किंवा वीज गेल्यावर इन्सुलिनची बाटली थेट बर्फाला टेकवून ठेवू नका. न उघडलेल्या इन्सुलिनला 2 ते 8 अंश सेल्सिअस लागतं. फ्रीझरमधून नुकताच काढलेला आइसपॅक मात्र उणे 15-20 अंशांचा असतो. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर जसंच्या तसं दिसलं, तरी त्याच्या परिणामाचा भरवसा राहत नाही. ते फेकायचंच.

लसीकरणातली साधी युक्ती घरीही चालते. पाण्याचा आइसपॅक बाहेर काढून ठेवा आणि अधूनमधून कानाशी हलवून पाहा. आत पाणी खळखळलं की तो शून्य अंशावर आला. मग तो पुसून थर्मासमध्ये ठेवा, बाटली टॉवेलात गुंडाळून त्यापासून वेगळी ठेवा. जेलच्या पॅकला ही खूण लागू पडत नाही. तिथे छोटा थर्मामीटर हवाच.

वीज गेली तर फ्रिज उघडू नका, बंद फ्रिज साधारण चार तास थंडावा धरतो. वापरात असलेल्या पेनाला तर बर्फ लागतच नाही: बहुतेक प्रकार 25 ते 30 अंशांपर्यंत सुमारे 28 दिवस टिकतात, नेमकी मर्यादा खोक्यातल्या पत्रकात पाहा. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात ओल्या मातीच्या मडक्यात ठेवलेलं पेन बरंच गार राहतं. कोकणच्या दमट हवेत मडकं फारसं कामाचं नाही.