इंग्रजी शोधनिबंधात दाव्याला किती जोर द्यावा: ‘मे’, ‘कॅन’ आणि ‘सजेस्ट’

समजा, तुम्ही एका महाविद्यालयातल्या १२० विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली. रात्री जास्त मोबाइल वापरणारी मुलं कमी झोपतात, असं आकडे सांगतात. तुम्ही लिहिता: ‘मोबाइल यूझ रिड्यूसेस स्लीप.’ परीक्षक इथेच बोट ठेवतो, कारण वाक्य पुराव्यापेक्षा मोठं झालंय.

आधी पेन्सिल घेऊन फक्त दाव्याची वाक्यं अधोरेखित करा. तुम्ही काय केलंत आणि काय आढळलं, हे साध्या भूतकाळात ठामपणे लिहायचं. ‘वी सर्व्हेड १२० स्टुडंट्स’ यात शंकेला जागाच नाही. खबरदारीचे शब्द लागतात ते त्या आकड्यांचा अर्थ लावताना, म्हणजे बहुतेक ‘डिस्कशन’ या भागात.

मग क्रियापद तपासा. एकदाच भरलेल्या प्रश्नावलीतून दोन गोष्टी सोबत आढळतात एवढंच कळतं. झोप येत नाही म्हणून मोबाइल हातात घेतला, असंही असेल. म्हणून ‘रिड्यूसेस’ काढून ‘वॉज असोसिएटेड विथ शॉर्टर स्लीप’ लिहा आणि पुढे ‘अमंग दीज स्टुडंट्स’ जोडा. इथे ‘मे’ नको. संबंध तर प्रत्यक्ष आढळलाच आहे.

‘मे’ येतो कारण सुचवताना. तेव्हा वाक्य आधी मराठीत म्हणून बघा. ‘असू शकेल’ असं तोंडी आलं तर ‘मे’, ‘माइट’ किंवा ‘कुड’. ‘असावं’ आलं तर ‘इज लाइकली टू’. ‘असणारच’ आलं तर ‘मस्ट’, पण एवढी खात्री एका प्रश्नावलीतून सहसा मिळत नाही. ‘मे’ की ‘माइट’ यावर फार वेळ घालवू नका, फरक अगदी थोडा आहे.

आपली खरी गल्लत ‘शकतं’मुळे होते, कारण मराठीत ते ‘कॅन’ आणि ‘मे’ दोन्हींचं काम करतं. ‘कॅफीन कॅन डिले स्लीप’ हे आधीच माहीत असलेलं सर्वसाधारण विधान आहे. तुमच्या नमुन्यात काय घडलं असेल, याच्या अंदाजाला ‘मे’ हवा. नकारात तर अर्थच बदलतो: ‘कॅनॉट बी द कॉज’ म्हणजे कारण असणं अशक्य, आणि ‘मे नॉट बी द कॉज’ म्हणजे कदाचित कारण नसेल.

शेवटी दुहेरी शंका छाटा. ‘इट मे पॉसिबली सजेस्ट’ यात एकाच दाव्याला तीन कुंपणं आहेत; ‘सजेस्ट’ पुरे. ‘प्रूव्ह’ मात्र गणिताच्या प्रबंधासाठी राखून ठेवा.

आता परिच्छेद असा होतो: ‘लेट-नाइट मोबाइल यूझ वॉज असोसिएटेड विथ शॉर्टर स्लीप अमंग दीज स्टुडंट्स. स्क्रीन यूझ मे डिले बेडटाइम, बट पुअर स्लीपर्स मे ऑल्सो टर्न टू देअर फोन्स.’ दुसरं वाक्य वाचल्यावर परीक्षकाकडे विचारायला तो प्रश्न उरत नाही.