उष्टावणाची वाटी: आधी काय ठरवायचं, काय बाजूला काढायचं

अमळनेरजवळचं एक घर समजा. बाळ मुलगी, जन्म १२ ऑक्टोबरचा. घरात रीत अशी की मुलाचं उष्टावण सम महिन्यात आणि मुलीचं विषम महिन्यात. १२ एप्रिलला मुलीचे सहा महिने पूर्ण होतात आणि सातवा लागतो, म्हणून पुढचा चांगला दिवस धरला १६ एप्रिल. इथे रीत आणि डॉक्टर सांगतात ते पूर्ण सहा महिने, दोन्हीचं जुळलं. मुलगा असता तर "सहावा महिना" १२ मार्चलाच लागला असता, म्हणजे पूर्ण झालेले महिने पाचच. तेव्हा पहिलं काम हे की चालू महिना न मोजता पूर्ण झालेले महिने मोजा. रीतीप्रमाणे आठव्या महिन्याची वाट बघायची असेल तर सहा महिने पूर्ण होताच घरी वरचं अन्न सुरू करा आणि विधी नंतर करा, कारण सहा महिन्यांनंतर नुसतं आईचं दूध पुरत नाही. बाळ मान नीट धरतंय, आधाराने बसतंय आणि तोंडात आलेला चमचा जिभेने बाहेर ढकलत नाही, एवढंही पाहून घ्या. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल तर दिवस डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

वेळ सकाळची ठेवा, दहाच्या आसपास. एप्रिलात खान्देशात दुपारी पारा चाळिशीपार जातो आणि बाळ किरकिर करतं, हे एक कारण. दुसरं महत्त्वाचं. क्वचित एखाद्या बाळाला तांदूळ सोसत नाही आणि खाल्ल्यावर एक ते चार तासांत त्याला पुन्हा पुन्हा उलट्या होतात, बाळ पांढरं पडतं, मलूल होतं. असं दिसलं तर "ऊन लागलं असेल" म्हणत थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. सकाळी भरवलेलं असेल तर हे दिवसाउजेडी कळतं.

आता वाटी. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एकच नवा पदार्थ जाऊ द्या, तो म्हणजे भात. एक मोठा चमचा तांदूळ धुऊन त्यात वाटीभर पाणी घाला आणि कुकरमध्ये पाच-सहा शिट्ट्या करून मऊ शिजवा. मग चमच्याच्या पाठीने घोटा आणि गाळणीतून काढा म्हणजे एकही शीत अख्खं राहणार नाही. घट्ट झालं तर आईच्या दुधाने सैल करा. तीच बाळाची खीर, आणि आईचं दूध मुळातच गोडसर असतं. चमचा तिरपा केल्यावर घाटा लगेच ओघळू नये, हळूहळू सरकावा, असा दाटपणा हवा. पाण्यासारखा पातळ ठेवला तर पोट भरतं पण हाती काही लागत नाही. मीठ, साखर, गूळ काहीच नको.

पाहुण्यांसाठी सकाळी पातेलंभर केलेली खीर या वाटीत घालू नका. तिच्यात साखर, काजूचे तुकडे, बेदाणे असतात. शिवाय भात शिजल्यावरही त्यातले काही जिवाणू बीजरूपाने टिकतात, उन्हाळ्यात बाहेर राहिलेल्या भातात वाढतात आणि त्यांचं विष नंतर गरम करूनही जात नाही. बाळाचा भात विधीच्या आधी अर्ध्या-पाऊण तासातच करा. एप्रिलच्या उकाड्यात तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहिलेला टाकून द्या.

सर्वांत जास्त डोळा ठेवायचा तो मधावर. अंगठी मधात बुडवून जिभेवर फिरवायची, ही रीत बऱ्याच घरांत आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नसतो. त्यात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाच्या जिवाणूची बीजं असू शकतात, ती बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडू शकतं. मध घरचा असो की कंपनीचा, गरम केलेला असो की नसो, फरक पडत नाही. आणि मध लपून कुठे येतो तर पंचामृतात. त्याच दिवशी सत्यनारायण घातला असेल तर तीर्थाचं भांडं हातात घेतलेली एखादी आजी मायेने म्हणतेच, "थोडं दे ना पोरले, काय व्हस!" म्हणून पूजा सांगणाऱ्या गुरुजींना आणि तीर्थ वाटणाऱ्याला आधीच सांगून ठेवा. अंगठीची हौस असेल तर खडा नसलेली, साबणाने धुतलेली अंगठी याच भाताच्या वाटीत टेकवा. चांदीची वाटी-चमचा पावडरने उजळला असेल तर तोही साबणाने घासून खळाळून घ्या.

आता किती भरवायचं. चहाचा चमचा साधारण ५ मिलीचा असतो. मामा, दोन्हीकडचे आजी-आजोबा, काका, आत्या असे सात जण आहेत. प्रत्येकाने चमचाभर दिला तर पहिल्याच दिवशी ३५ मिली होतात, आणि एवढं करून कोणी एकदाच देत नाही. त्यापेक्षा वाटीत मोजून तीनच चमचे घाला आणि बाकीचा भात स्वयंपाकघरातच ठेवा. मामाचा पहिला घास अर्धा चमचा, उरलेल्या सहा जणांचा पाव-पाव चमचा, म्हणजे सगळे मिळून दोन चमचे. तिसरा ओठांवरून सांडण्यासाठी. वाटी रिकामी झाली की आग्रह आपोआप थांबतो, कोणालाही नाही म्हणावं लागत नाही. मध्येच बाळाने तोंड फिरवलं किंवा ओठ मिटले तर उरलेल्यांनी चमचा नुसता ओठांना लावावा, विधी तेवढ्यानेही होतो. चमच्यावर फुंकर मारायची नाही, आधी स्वतः चाखून बघायचं नाही. हात सगळ्यांनी साबणाने धुवायचे आणि ज्याला सर्दी-खोकला आहे त्याने अक्षता टाकाव्यात.

तासभर आधी अंगावर पाजलेलं असावं, म्हणजे बाळ भुकेने रडत नाही आणि पोट तुडुंबही नसतं. मामाच्या मांडीवर बाळ सरळ बसलेलं हवं, आडवं नको. पहिल्या घासाला बाळ उबळ काढतं, चेहरा लाल होतो, खोकतं. आवाज येतोय तोवर त्याला स्वतःच सावरू द्या. आवाज बंद झाला, ओठ निळसर पडले तर घास अडकलाय. बाळाला पालथं, डोकं खाली करून हातावर घ्या आणि दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा मारा. तेवढ्याने निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच वेळा दाबा, आणि आळीपाळीने हेच करत राहा. दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका, अडकलेलं आणखी आत जातं. नंतर बाळापुढे वही, पेन, दागिने मांडताना नाणी आणि पेनाची टोपणं आधी बाजूला काढा.

दुसऱ्या दिवशी असाच ताजा भात दिवसातून दोनदा, दोन-तीन चमचे. आईचं दूध पूर्वीसारखंच चालू. भातात लोह फार कमी असतं, म्हणून त्यावरच महिना काढू नका. तीन दिवसांनी त्यात मुगाची डाळ घाला, भाताच्या निम्मी, आणि डाळच घोटून घाला. वरचं पाणी दिलं तर कस भांड्यातच राहतो. मग दोन-तीन दिवसांच्या अंतराने एकेक: पिकलेलं केळ कुस्करून, दादर ज्वारीच्या पिठाची पेज, पूर्ण उकडलेल्या अंड्याचा बलक. शेंगदाणा कधीच अख्खा किंवा जाडसर कुटलेला नको. भाजून अगदी गुळगुळीत वाटलेला, पेजेत पातळ केलेला, आधी चमच्याच्या टोकाएवढा. बाळाला त्वचेचा जास्त इसब असेल तर अंडं आणि शेंगदाण्याआधी डॉक्टरांशी बोला. अंगावर गांधी, ओठांना सूज किंवा श्वास लागणं दिसलं तर लगेच दवाखाना. एका वेळी एकच नवं दिलेलं असेल तर डॉक्टरांना नेमकं काय खाल्लं ते सांगता येतं.