परदेशात घटस्फोट झाला, गोव्यात लग्न तसंच राहिलं: या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात फोंड्याजवळच्या एका गावातला माणूस कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आला. वडिलोपार्जित भाट, म्हणजे माडांची बागायत, विकायचं होतं, गिऱ्हाईक ठरलं होतं, विसारही घेऊन झाला होता. विक्रीखताच्या मसुद्यात त्यानं स्वतःला 'घटस्फोटित' लिहिलं होतं. गिऱ्हाइकाच्या वकिलानं लग्नाचा दाखला मागितला, तर त्याच्या समासात घटस्फोटाची नोंदच नव्हती. वकिलानं सांगितलं, बायकोची सही आणा, नाहीतर व्यवहार थांबवा.

त्याला हे पटेना. इंग्लंडच्या कोर्टाचा अंतिम आदेश त्याच्या मोबाइलमध्ये होता. त्याचा घटस्फोट इंग्लंडमध्ये खरा आहे, याबद्दल मलाही शंका नव्हती. प्रश्न होता तो गोव्यात चालतो का.

गोव्यात लग्न म्हणजे फक्त विधी नव्हे. निबंधकासमोर पहिली सही होते, मग दुसरी, आणि तिथून दोघांची मालमत्ताही एक होते. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर आधीची, नंतरची, वारशानं आलेली सगळी मालमत्ता दोघांच्या सामाईक मालकीत येते, आणि स्थावर विकायला दोघांच्या सह्या लागतात. त्यामुळे परदेशी घटस्फोट गोव्यात टिकतो की नाही, हे इथे बहुतेक वेळा भाट किंवा घर विकताना कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो.

या माणसाची पहिली चूक म्हणजे त्यानं एकट्यानं अर्ज केला. बायको 2021 मध्ये मुलाला घेऊन गोव्यात परतली होती. तो तिकडेच राहिला आणि पुढच्या वर्षी तिथल्या कोर्टात गेला. इंग्लंडमध्ये 6 एप्रिल 2022 पासून घटस्फोटासाठी कुणाचा दोष दाखवावा लागत नाही. 'संसार मोडला आहे' एवढं निवेदन पुरतं. अर्जानंतर 20 आठवड्यांनी सशर्त आदेश मागता येतो, त्यानंतर 6 आठवडे आणि एक दिवस उलटला की अंतिम आदेश. अर्जदार वर्षभर तिथे राहत असेल तर तेवढ्यावरही त्या कोर्टाला अधिकार मिळतो. बायकोला कागद पोचले, तिनं उत्तर दिलं नाही, आदेश झाला.

आपल्याकडे परदेशी निकाल दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 13 च्या कसोटीवर उतरावा लागतो. अधिकार असलेल्या कोर्टानं तो दिलेला असावा, गुणदोषांवर दिलेला असावा, समोरच्याला म्हणणं मांडायची खरी संधी मिळालेली असावी, फसवणूक नसावी आणि भारतीय कायदा जिथे लागू होतो तिथे तो डावललेला नसावा. 1974 मध्ये सत्या विरुद्ध तेजासिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं अमेरिकेच्या नेवाडातला घटस्फोट मानला नाही, कारण नवरा तिथे कायमचा राहायला गेलाच नव्हता. 1991 च्या नरसिंह राव खटल्यात न्यायालयानं आणखी स्पष्ट सांगितलं: ज्या कायद्यानं लग्न झालं, घटस्फोटाचा अधिकार आणि कारणही त्याच कायद्यात बसलं पाहिजे. तिथे मिसूरीच्या कोर्टानं 'संसार मोडला' याच कारणावर घटस्फोट दिला होता, आणि बायको त्या कोर्टाला शरण गेली नव्हती.

गोव्यात घटस्फोटाची कारणं 1910 च्या पोर्तुगीज फर्मानातून आलेली आहेत. व्यभिचार, छळ, तीन वर्षं घर सोडून जाणं, दहा वर्षं स्वखुशीनं वेगळं राहणं अशी ती यादी आहे. नुसता 'संसार मोडला' त्यात नाही. म्हणजे या माणसाचा आदेश दोन ठिकाणी अडतो: कारण इथलं नाही आणि बायको त्या कोर्टाच्या हद्दीत नव्हती. तिनं कागद घेतले म्हणजे संमती दिली, असंही होत नाही. लोक नेमके इथे फसतात. पोच देणं वेगळं, संमती देणं वेगळं.

पण नरसिंह राव निकालातच वाट आहे. समोरच्यानं त्या कोर्टात स्वखुशीनं हजर राहून इथल्या कायद्यातल्या कारणावर लढत दिली असेल, किंवा घटस्फोटाला स्पष्ट संमती दिली असेल, तर तो निकाल मानता येतो. म्हणून परदेशात असाल आणि दोघांचं पटून वेगळं व्हायचं असेल, तर माझा सल्ला एकच: इंग्लंडमध्ये आता संयुक्त अर्ज करता येतो, तोच करा. सोबत दोघांनीही प्रतिज्ञापत्रात लिहून ठेवा की आम्ही या कोर्टाचा अधिकार मान्य करतो आणि परस्परसंमतीनं वेगळे होतो. लग्नाला दोन वर्षं झाली आहेत आणि दोघंही 25 पूर्ण आहोत, हेही लिहा, कारण गोव्यातल्या परस्परसंमतीच्या घटस्फोटाला या अटी आहेत. संमती आहे हे तोंडी सांगून दहा वर्षांनी उपयोग होत नाही, कागद हवा.

दुसरी चूक साधी, पण रोज दिसते. मोबाइलमधली पीडीएफ किंवा झेरॉक्स पुरावा म्हणून धरली जात नाही. नरसिंह राव खटल्यातही छायाप्रतीचा मुद्दा आला होता. कोर्टाच्या शिक्क्याची प्रमाणित प्रत मागवा आणि तिच्यावर त्या देशाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा यासाठीचं सरकारी प्रमाणपत्र, घ्या. भारत 2005 पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, इंग्लंड आणि पोर्तुगालही आहेत. मग गोव्यात वकिलामार्फत त्या निकालाला मान्यता मिळवा, आणि लग्नाच्या नोंदीच्या समासात घटस्फोटाची नोंद करून घ्या. ही शेवटची नोंद राहिली तर पुढची प्रत्येक कचेरी तुम्हाला विवाहितच समजते.

हे न करता दुसरं लग्न केलं तर धोका मालमत्तेच्या पलीकडे जातो. पहिलं लग्न इथे टिकून असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 खाली द्विविवाहाचा गुन्हा होऊ शकतो, आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नरसिंह राव प्रकरणही बायकोनं केलेल्या द्विविवाहाच्या तक्रारीतूनच वर गेलं होतं.

पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्यांसाठी हाच पेच उलट्या बाजूनं येतो. गोव्याच्या कोर्टानं दिलेला घटस्फोट पोर्तुगालच्या नोंदीत आपोआप जात नाही. तिथल्या अपील न्यायालयात तो तपासून, पुष्टी करून घ्यावा लागतो, आणि पोर्तुगालच्या सार्वजनिक धोरणाशी उघड विसंगत असेल तर नाकारला जातो. आधी लग्नाची तिथे नोंद केलेली असेल, तर तोवर तुम्ही तिथे विवाहितच.

त्या भाटाचं काय झालं? मी त्याला सांगितलं की इंग्लंडचा आदेश गोव्यात उभा करायला गेलास तर लढाई लांबेल आणि जिंकशील असं मला वाटत नाही. त्यानं मेहुण्यामार्फत बायकोशी बोलणं लावलं. तिचं म्हणणं रास्त होतं: मलाही सुटका हवी आहे, पण भाटातला माझा अर्धा वाटा आधी. तिनं विक्रीखतावर पक्षकार म्हणून सही केली, निम्मे पैसे तिच्या खात्यात गेले. त्याच आठवड्यात दोघांनी इथल्या दिवाणी न्यायालयात परस्परसंमतीचा अर्ज दाखल केला. लग्नाच्या दाखल्याचा समास अजून कोराच आहे, आणि तो भरेपर्यंत दुसऱ्या लग्नाचं नाव काढू नकोस, असं मी त्याला बजावलं आहे.