संयुक्त पाहणी अहवालाचा शेवट कसा लिहावा: सह्या, दिनांक, पदनाम आणि प्रतिस्वाक्षरी

निफाड किंवा दिंडोरी तालुक्यात गारपीट झाली की द्राक्षबागांची संयुक्त पाहणी होते आणि महसूल, कृषी व ग्रामपंचायत या तिन्हींचे गावपातळीवरचे कर्मचारी मिळून तिचा अहवाल देतात. नुकसानीचा तपशील ते काळजीने लिहितात, पण सह्यांचे शेवटचे अर्धे पान घाईत उरकले जाते. मी पाहिलेले बरेच अहवाल त्याच अर्ध्या पानामुळे परत आले आहेत. म्हणून 12 मार्चला पाहणी झालेल्या एका बागेचा अहवाल समोर आहे असे धरून हे पान कसे लिहावे, ते सांगतो.

प्रथम, सह्यांच्या वर समारोपाचे एक वाक्य लिहावे. सही कशाची ग्वाही देते, हे त्या वाक्यावरून ठरते. नुसते ‘वरीलप्रमाणे अहवाल सादर’ असे न लिहिता, ‘आम्ही खाली सह्या करणाऱ्यांनी दि. 12 मार्च रोजी वर नमूद गटातील बागेची प्रत्यक्ष पाहणी केली असून, क्षेत्र व नुकसानीचे प्रमाण आमच्या समक्ष नोंदवले आहे’ असे लिहावे. जो बागेत गेलाच नव्हता, त्याची सही या वाक्याखाली घेऊ नये.

त्यानंतर प्रत्येकासाठी स्वतंत्र जागा आखावी. तिच्यात क्रमाने सही, पूर्ण नाव, पदनाम, कार्यक्षेत्र आणि दिनांक असावा. नाव छापील असावे, कारण वळणदार सहीवरून पुढे नाव वाचता येत नाही. पदनाम सध्याचे लिहावे. 2024 मध्ये तलाठी पदाचे नाव ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवक पदाचे नाव ग्रामपंचायत अधिकारी असे झाले, तरी संगणकातल्या जुन्या नमुन्यांत आधीचीच नावे राहून गेलेली असतात. ज्याच्याकडे शेजारच्या सजाचा कार्यभार आहे, त्याने पदनामापुढे ‘अतिरिक्त कार्यभार’ असे नोंदवावे, नाहीतर सही करणारा त्या गावाचा आहे की नाही असा प्रश्न निघतो.

दिनांक मात्र छापू नये. ती जागा रिकामी ठेवावी आणि सही करणाऱ्यानेच, त्याच पेनाने, सही केली त्या दिवसाचा दिनांक भरावा. पाहणी 12 मार्चला झाली आणि कृषी विभागाच्या कर्मचाऱ्याने 13 ला सही केली, तर तिथे 13 लिहिण्यात काहीच वावगे नाही. पाहणीचा दिनांक समारोपाच्या वाक्यात आलेलाच असतो. एका अहवालात सगळ्या सह्यांखाली, प्रतिस्वाक्षरीच्या जागीसुद्धा, 12 मार्च छापलेला होता आणि मजकुरात मात्र 14 मार्चला काढलेल्या छायाचित्रांचा उल्लेख होता. म्हणजे जी छायाचित्रे काढलीच नव्हती, ती वरिष्ठांनी तपासून मान्य केली होती! तो अहवाल परत आला, यात नवल नव्हते.

शेतकरी आणि पंच यांच्या सह्या डाव्या बाजूला, वेगळ्या घ्याव्यात आणि त्यांच्या वर ‘मजकूर वाचून दाखवला, तो बरोबर आहे’ असे लिहावे. अंगठा घ्यायचा असेल तर तो डाव्या हाताचा घ्यावा, शेजारी तो कोणाचा आहे ते लिहावे आणि ज्याच्या समक्ष घेतला त्याने खाली सही करावी. नाव न लिहिलेला अंगठा कोणाचाही ठरू शकतो.

प्रतिस्वाक्षरीचा भाग या सर्वांच्या खाली, आडवी रेघ मारून वेगळा ठेवावा. प्रतिस्वाक्षरी करणारे मंडळ अधिकारी पाहणीचे साक्षीदार नसतात; खालच्यांनी केलेले काम तपासल्याची जबाबदारी ते घेतात. म्हणून त्यांच्यासाठी वेगळे वाक्य हवे: ‘अहवालातील क्षेत्र सातबाऱ्यावरील पीकनोंदीशी ताडून पाहिले, प्रतिस्वाक्षरित.’ त्यांनी स्वतः बाग पाहिली असेल तरच तसे लिहावे. त्यांचा दिनांक आधीच्या शेवटच्या सहीच्या दिवशीचा किंवा त्यानंतरचा असला पाहिजे. आपल्या उदाहरणात 17 मार्च चालेल, 12 चालणार नाही. शिक्का सहीच्या शेजारी, नाव आणि दिनांक झाकले जाणार नाहीत असा उमटवावा.

छापण्यापूर्वी पान एकदा नीट पाहावे. सह्या एकट्याच नव्या पानावर गेल्या असतील, तर ते पान दुसऱ्या कोणत्याही अहवालाला जोडता येते. त्यामुळे समारोपाचे वाक्य आणि मजकुराच्या निदान दोन ओळी सह्यांसोबत त्याच पानावर आणाव्यात. वर्डमध्ये त्या ओळी निवडून Keep with next लावले की त्या सुटत नाहीत. प्रत्येक पानावर ‘पृष्ठ 3 पैकी 3’ असा क्रमांक द्यावा आणि आधीच्या पानांवर सर्वांच्या लघुस्वाक्षऱ्या घ्याव्यात. मजकूर आणि सह्या यांच्यामध्ये कोरी जागा उरली तर तिच्यावर तिरकी रेघ ओढावी. खाडाखोड झालीच, तर चुकलेला आकडा वाचता येईल असा एका रेघेने छेदून त्याच्या वर बरोबर आकडा लिहावा आणि तिथे सर्वांनी लघुस्वाक्षरी करावी. प्रतिस्वाक्षरी झाल्यानंतर चूक सापडली, तर आकड्याला हात न लावता, नव्या दिनांकाचे शुद्धिपत्र काढून त्यावर त्याच सर्वांच्या सह्या पुन्हा घ्याव्यात.