भाव सरासरीकडे आला, की सरासरी भावाकडे? आरएसआय आणि बॉलिंजर बँडवर खरेदी करताना या चुका टाळा

मार्च २०२० मधला एक सौदा आहे. तो मी अजूनही दर सहा महिन्यांनी वहीत उघडून बघतो. निफ्टीच्या ईटीएफमध्ये केलेली साधी खरेदी होती. नियम सगळे पाळलेले होते आणि शेवटी निफ्टीने आपल्या २० दिवसांच्या सरासरीला गाठलंसुद्धा. तरी तोटा जवळजवळ १९ टक्के. असं कसं होऊ शकतं, याचं उत्तर मिळालं तेव्हा या पद्धतीतली मुख्य खोच माझ्या लक्षात आली.

आधी पद्धत थोडक्यात. बॉलिंजर बँड म्हणजे २० दिवसांच्या बंद भावांची सरासरी आणि तिच्या वर-खाली दोन-दोन प्रमाण विचलनांवर काढलेल्या रेषा. आरएसआय हे वाइल्डर यांनी १९७८ मध्ये मांडलेलं मोजमाप. गेल्या साधारण १४ दिवसांत चढाचा जोर किती आणि उताराचा किती, ते शून्य ते शंभरमध्ये सांगतं. भाव खालच्या बँडच्या बाहेर बंद झाला, आरएसआय तिशीखाली गेला, की माल ‘ओव्हरसोल्ड’ समजायचा. भाव पुन्हा बँडच्या आत आला की घ्यायचं आणि मधल्या रेषेला, म्हणजे सरासरीला, विकायचं. आत येईपर्यंत थांबणं ही सुरी पडत असताना न झेलण्याची खबरदारी, असं मीही समजत होतो.

आता त्या दिवसांत जाऊ. २८ फेब्रुवारी २०२० ला निफ्टी ११,२०१.७५ वर बंद झाला. त्या दिवशीची सरासरी होती सुमारे ११,९३४ आणि खालचा बँड सुमारे ११,४४१. म्हणजे भाव बँडच्या २४० अंक बाहेर आणि आरएसआय तिशीच्या खाली. सिग्नल पक्का. २ मार्चला ११,१३२.७५, अजून बाहेरच. ३ मार्चला ११,३०३.३० वर बंद. त्या दिवशीचा खालचा बँड होता सुमारे ११,२४१. भाव आत आला, आरएसआयही तिशीच्या आसपास परतला. मी घेतलं.

पहिली चूक इथेच झाली, आणि ती चार्टवर दिसत नाही. २८ फेब्रुवारी ते ३ मार्च या काळात भाव फक्त १०१ अंक वर आला होता, पण खालचा बँड २०० अंक खाली घसरला होता. भाव बँडच्या आत परतला म्हणण्यापेक्षा बँडनेच खाली येऊन भावाला पोटात घेतलं, असं म्हणायला हवं. कारण सरळ आहे. मोठी घसरण २० दिवसांच्या खिडकीत शिरली की प्रमाण विचलन वाढतं, सरासरी उतरते आणि दोन्हींमुळे खालची रेषा पळत सुटते. २८ तारखेच्या ११,४४१ या रेषेशी ताडून बघितलं असतं, तर ३, ४ किंवा ५ मार्च, एकाही दिवशी निफ्टी तिच्या वर बंद झालेला नव्हता.

म्हणून आता मी सिग्नलच्या दिवशीचा खालचा बँड वहीत लिहून ठेवतो आणि ती रेषा गोठवतो. त्यानंतर रोज सरकणाऱ्या रेषेकडे बघत नाही. बंद भाव गोठवलेल्या रेषेच्या वर गेला तरच एन्ट्री. मधल्या दिवसांत पुन्हा नवा सिग्नल आला, म्हणजे आणखी खाली बँडबाहेर बंद झाला, तर रेषा नव्या दिवसाची घ्यायची. याने चांगल्या सौद्यांत थोडं उशिरा शिरायला होतं, थोडा नफा सुटतो. तो मी सोडतो.

दुसरी चूक विक्रीच्या बाजूची, आणि तीच शीर्षकातला प्रश्न आहे. मी ‘सरासरीला विकायचं’ म्हणून बसलो. निफ्टी ६ मार्चला गॅप देऊन खाली उघडला आणि १०,९८९ वर बंद झाला. २३ मार्चला एका दिवसात तेरा टक्के पडून ७,६१० वर आला. मधली रेषा रोज खाली येतच होती. शेवटी ९ एप्रिलला निफ्टी ९,१११.९० वर बंद झाला आणि त्या दिवशीची सरासरी होती सुमारे ८,७२७. भाव सरासरीच्या वर! नियमाप्रमाणे विक्री झाली, ११,३०३ ला घेतलेलं ९,११२ ला. सरासरीकडे परतण्याचं जे काम होतं ते झालं, फक्त चालत आली ती सरासरी.

बॅकटेस्टमध्ये ही गोष्ट हमखास लपते. ‘किती वेळा भाव मधल्या रेषेला भेटला’ असं मोजलं की आकडा छान येतो, कारण भाव कधी ना कधी आपल्या सरासरीला भेटतोच. मोजायचं असेल तर खरेदीच्या दिवशीची सरासरी गोठवा आणि तिला भाव भेटला का ते बघा. शिवाय, नऊ सौद्यांत दोन-दोन टक्के मिळाले आणि दहाव्यात एकोणीस टक्के गेले, तर दहापैकी नऊ वेळा बरोबर असूनही हिशेब तोट्यात जातो, हे साधं गणित.

स्टॉप लॉस कुठे लावायचा, याची इथे एक अडचण आहे. या पद्धतीत भाव जितका खाली जाईल तितका सिग्नल ‘अधिक चांगला’ दिसतो, त्यामुळे हात अ‍ॅव्हरेज करायला शिवशिवतात. माझा तोडगा असा, की ज्या तळावरून भाव उलटला असं मानून घेतलं, तो बंद भाव मोडला की कल्पना चुकली. ३ मार्चच्या सौद्यात तो तळ होता ११,१३२.७५. ६ मार्चच्या बंदला बाहेर पडलो असतो तर तोटा सुमारे २.८ टक्के. ‘दहा दिवस थांबू, नाही परतला तर निघू’ असा नुसता वेळेचा स्टॉप ठेवला असता, तर दहावा दिवस १८ मार्च होता आणि भाव ८,४६९.

तिसरी चूक छोटी, पण सर्रास होते. आरएसआय आणि बँड यांना दोन वेगळे साक्षीदार समजणं. दोघेही त्याच बंद भावांतून निघतात आणि दोघेही एकच गोष्ट सांगतात, की भाव नुकताच जोरात पडला. दुसरा सिग्नल जुळला म्हणून दुप्पट माल घेण्यात काही अर्थ नाही. खरंच वेगळी माहिती हवी असेल तर जास्त लांबचा काळ बघा. निफ्टी २८ फेब्रुवारीला २०० दिवसांच्या सरासरीच्या चांगलाच खाली होता. तो एकच प्रश्न विचारला असता तरी सौदा झाला नसता.

तुमचा आरएसआय मित्राच्या चार्टशी जुळत नसेल, तर बहुतेक वेळा सरासरी काढण्याची रीत वेगळी असते. वाइल्डर यांची रीत जुना भाव हळूहळू विसरते. नुसती १४ दिवसांची साधी सरासरी घेतली तर २८ फेब्रुवारीचा आकडा सुमारे २० येतो. वाइल्डरच्या रीतीने तो त्याहून बराच वर येतो. पायथॉनमध्ये करणाऱ्यांनी हे तपासा:

```
d = close.diff()
up = d.clip(lower=0).ewm(alpha=1/14, adjust=False).mean()
dn = (-d.clip(upper=0)).ewm(alpha=1/14, adjust=False).mean()
rsi = 100 - 100 / (1 + up / dn)
sd = close.rolling(20).std(ddof=0)
```

शेवटच्या ओळीतलं `ddof=0` विसरलं तर बँड थोडा रुंद येतो, २८ फेब्रुवारीला तेरा अंकांचा फरक. जीव जाणारी गोष्ट नाही. पण सुरुवातीला जुने भाव पुरेसे न घेतल्यास वाइल्डरचा आरएसआय पहिले काही आठवडे भलतंच सांगतो. निदान शंभर दिवस आधीपासून आकडे भरा.

आता गोठवलेल्या रेषेची मर्यादाही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही तिच्यावर सगळी भिस्त ठेवाल. १२ मार्चला निफ्टी ९,५९०, खालचा बँड सुमारे १०,१०३. १३ मार्चला भाव ९,९५५ वर बंद झाला. सरकत्या बँडच्या (सुमारे ९,८८६) आत, पण गोठवलेल्या रेषेच्या खाली. पुढच्याच सत्रात ९,१९७. इथेही रेषेने वाचवलं. पण १९ मार्चला भाव ८,२६३ आणि बँड सुमारे ८,३२३. २० मार्चला भाव ८,७४५, गोठवलेल्या रेषेच्या बराच वर. नियम म्हणतो घ्या. सोमवारी, २३ मार्चला, निफ्टी ७,६१०.

तिथे नेमकं काय बिघडलं ते बँडच्या रुंदीत दिसतं. वरच्या-खालच्या रेषांतलं अंतर सरासरीच्या किती टक्के आहे ते मोजा. २८ फेब्रुवारीला ते सुमारे ८ टक्के होतं, ५ मार्चला साडेबारा, १९ मार्चला ४४. सरासरीकडे परतण्याची कल्पना धरून चालते की भाव एका ठरलेल्या पातळीभोवती हेलकावे खातो. रुंदी काही दिवसांत पाचपट झाली, तर ती पातळीच उरलेली नसते आणि २० दिवसांच्या खिडकीत अर्धे दिवस जुन्या बाजाराचे, अर्धे नव्याचे असतात. मधली रेषा मग कुठल्याच बाजाराची सरासरी नसते. आठवड्यात रुंदी दीडपटीहून जास्त वाढली की मी हात आखडतो. हा आकडा माझा, अनुभवातून आलेला. तुमच्या मालावर तपासून घ्या.

एकेका शेअरला हे सगळं आणखी कडक लावायचं. निर्देशांकाला निदान पन्नास कंपन्यांचा आधार असतो. येस बँकेचा शेअर ऑगस्ट २०१८ मध्ये चारशे रुपयांच्या आसपास होता, २१ सप्टेंबरला एका दिवसात पाव हिश्श्याहून जास्त पडला आणि मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घालेपर्यंत पन्नाशीच्याही खाली आला होता. बातमीने पडलेल्या शेअरमध्ये तिशीखालचा आरएसआय म्हणजे फक्त बातमी पोहोचल्याची पावती. अशा शेअरमध्ये मी ही पद्धत वापरतच नाही.

राहता राहिला २४ मार्च. आदल्या दिवशीचा गोठवलेला बँड सुमारे ७,६८६, बंद भाव ७,८०१. एन्ट्री बसते, अगदी तळाच्या दुसऱ्या दिवशी, आणि ९ एप्रिलला सुमारे १७ टक्के नफा. माझी २०० दिवसांची अट आणि रुंदीची अट हा सौदाही नाकारतात. वहीत २० मार्चच्या ओळीखाली २४ मार्चची ओळ लिहिलेली आहे, दोन्हींसमोर ‘घेतला नसता’ असं.