ब्लाउजला मशीनवर काजे करताना: चिंधीवरची चाचणी आणि टाके न कापता काज उघडणे

काज उघडताना टाके कापले गेले की दोष नेहमी हाताला दिला जातो. बहुतेक वेळा हात चांगला असतो. काजाच्या दोन रांगांमध्ये पात्याला जायला जागाच ठेवलेली नसते. म्हणून या लेखात मी दोनच टप्प्यांवर सविस्तर लिहिणार आहे: चिंधीवरची चाचणी आणि काज उघडणे. उदाहरणासाठी टू बाय टू रुबियाचा, समोर बटणे असलेला साधा ब्लाउज आणि चार टप्प्यांत काज करणारे घरगुती झिगझॅग मशीन घेतले आहे.

प्रथम लांबी ठरवावी. सपाट बटणाचा व्यास आणि त्याची जाडी यांची बेरीज ही काजाची आतली लांबी होय. ११ मिलिमीटर व्यासाच्या आणि ३ मिलिमीटर जाडीच्या बटणाला १४ मिलिमीटरचे काज लागते. 'काज बटणाएवढे ठेवा' हा सर्रास दिला जाणारा सल्ला पाळू नये, कारण बटण तिरपे करून ओढावे लागते आणि काही धुण्यांतच टोकाचे टाके सैल होतात.

ब्लाउज अंगाला घट्ट बसतो, त्यामुळे समोरच्या पट्टीवर सगळा ताण आडवा येतो. उभ्या काजात हा ताण काजाचे तोंडच उघडतो, म्हणून ब्लाउजला काज आडवेच करावे, असे माझे ठाम मत आहे. मात्र त्यासाठी पट्टी पुरेशी रुंद हवी. ३ सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीवर मध्यरेषा कडेपासून १५ मिलिमीटरवर येते. ताणामुळे बटण काजाच्या बाहेरच्या टोकाकडे सरकून बसते, म्हणून काज मध्यरेषेच्या ३ मिलिमीटर बाहेरून, म्हणजे कडेपासून १२ मिलिमीटरवर सुरू करावे. ते २६ मिलिमीटरवर संपते आणि आतल्या शिलाईपर्यंत थोडी जागा उरते. पहिली खूण छातीच्या सर्वांत भरलेल्या जागी करावी आणि बाकीची काजे तिच्या वर-खाली समान अंतरावर घ्यावीत.

आता चाचणी. चिंधी म्हणजे हाताला लागलेला कोणताही तुकडा नव्हे. पट्टीत जेवढे पदर आहेत तेवढेच पदर, त्याच कापडाचे, मध्ये तेच इस्त्रीने चिकटणारे पातळ कॅनव्हास आणि धाग्याची दिशाही तीच, असा तुकडा तयार करावा. एकेरी रुबियावर केलेल्या काजावरून पट्टीवरच्या काजाविषयी काहीच कळत नाही. कापड उभ्या धाग्यावर कमी ताणते आणि आडव्यावर अधिक, म्हणून आडव्या काजाची चाचणीही आडवीच झाली पाहिजे.

सुई ११ नंबरची, नवी घालावी. काजाचा फूट लावून टाक्याची लांबी साधारण अर्ध्या मिलिमीटरपासून सुरू करावी आणि वरच्या धाग्याचा ताण नेहमीपेक्षा किंचित सैल ठेवावा, म्हणजे खालचा धागा वर डोकावत नाही. एक रांग, टोकाचे रुंद टाके, दुसरी रांग आणि पुन्हा टोक, या क्रमाने काज पूर्ण होते. प्रत्येक टप्प्यावर नॉब फिरवण्यापूर्वी सुई कापडातून पूर्ण वर आणावी. सुई कापडात असताना नॉब फिरवला तर ती वाकते किंवा मोडते.

तयार झालेले काज उजेडासमोर धरून पाहावे. दोन रांगांच्या मध्ये कापडाचे एक-दोन धागे उघडे, टोकापासून टोकापर्यंत सलग दिसले पाहिजेत. हीच कापण्याची वाट. रांगा एकमेकींना चिकटल्या असतील, तर कितीही जपून कापले तरी टाके जाणारच. अशा वेळी प्रथम कॅनव्हासकडे पाहावे, कारण आधार अपुरा असला की दाट टाक्यांखाली कापड गोळा होते आणि दोन्ही रांगा जवळ ओढल्या जातात. पट्टीखाली ट्रेसिंग पेपरचा तुकडा ठेवून पुन्हा काज करून पाहावे. तो नंतर फाडून काढता येतो. वर्तमानपत्र ठेवू नये, कारण त्याची शाई कापडाला लागते. ज्या मशीनवर रुंदीचा नॉब काजावरही चालतो, तेथे रुंदी थोडी कमी केली तरी मधली वाट मोकळी होते. टाके एकावर एक चढून फूट जागीच अडकत असेल, तर लांबी जराशी वाढवावी. एक रांग दाट आणि दुसरी विरळ येत असेल, तर मशीनच्या पुस्तिकेत काजाचा समतोल साधण्याची सोय दिली आहे का, ते पाहून ती वापरावी.

चाचणीचे काज उघडून त्यातून बटण काढून-घालून पाहिल्याशिवाय चाचणी संपत नाही. न उघडलेले सुंदर काज पाहून थेट ब्लाउजवर जाणे ही घाई महागात पडते. पट्टीवर सुरुवात सर्वांत खालच्या काजाने करावी. गळ्याजवळचे काज शेवटी घ्यावे, कारण तेथे शिलाईच्या जाडीमुळे फूट तिरपा बसण्याचा संभव असतो.

उघडण्याच्या टप्प्याने मला सर्वांत जास्त छळले, आणि त्याविषयीचे सल्लेही सर्वांत वाईट असतात. सीम रिपर एका टोकाला खुपसून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ ढकलावा, असे सांगितले जाते. कापड आधी अडते आणि मग एकदम सुटते. त्या क्षणी पाते टोकाचे टाके ओलांडून पट्टीत घुसते. त्याऐवजी दोन्ही टोकांना, रुंद टाक्यांच्या आतल्या बाजूस लागून, काजाला आडवी अशी एकेक टाचणी लावावी. रिपरचे टोक काजाच्या मधोमध टोचावे, ते दोन रांगांमध्येच आहे याची खात्री करावी आणि एका टाचणीच्या दिशेने हळूहळू कापत जावे. पाते टाचणीला टेकले की थांबावे, पट्टी फिरवावी आणि पुन्हा मध्यापासून दुसऱ्या टाचणीकडे जावे. अंगठा आणि तर्जनीने दोन्ही रांगा बाजूला ताणून धराव्यात, पण पात्याच्या वाटेपुढे बोट ठेवू नये.

रिपर धारदार नसेल, तर तो या कामाला घेऊच नये. बोथट पाते कापड कापत नाही, ते ढकलते, आणि ढकललेले कापड टाक्यांवर येते. दाढीच्या ब्लेडचा तुकडा वापरण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे, कारण त्याची धार टाचणीजवळ नेमकी कुठे आहे ते दिसत नाही. बारीक टोकाची कात्री असेल, तर काज मध्यावर आडवे दुमडून छोटी चीर द्यावी आणि त्या चिरेतून टाचण्यांपर्यंत कापावे. रेशमी कापडाला मला हीच रीत अधिक भरवशाची वाटते. कापल्यावर कडेला निघालेली धाग्यांची कुसे कात्रीने टाक्यांजवळून छाटावीत, ओढू नयेत.

एखादा टाका कापला गेलाच, तर सुटलेला धागाही ओढू नये, कारण त्यामागे अख्खी रांग उसवत येते. त्याच रंगाच्या एकेरी धाग्याने हातकाजाचे चार-पाच टाके त्या जागेवर दाट घालावेत, आणि तेही पहिल्या धुण्याच्या आत.

बटणांच्या खुणा सर्व काजे उघडल्यानंतरच कराव्यात. दोन्ही पट्ट्यांच्या मध्यरेषा जुळवून ठेवाव्यात, प्रत्येक काजाच्या बाहेरच्या टोकापासून ३ मिलिमीटर आत टाचणी आरपार टोचावी आणि ती खालच्या पट्टीवर जेथे निघते तेथे बटण लावावे.