ताळमेळाआधीचा एक मेसेज

दोन रिपोर्टमधला सक्रिय ग्राहकांचा आकडा जुळत नसला, की हात आधी एक्सेलकडे जातो. तो आवरा. दुसरा रिपोर्ट ज्यांनी बनवला, त्यांना ‘तुम्ही सक्रिय कोणाला म्हणता?’ हे आधी विचारायचं आहे. पण नुसतं एवढंच विचारलं तर ‘ज्याने खरेदी केली तो’ असं उत्तर येतं आणि आपण होतो तिथेच राहतो. म्हणून मेसेजआधी थोडी तयारी हवी.

समजा, जूनसाठी विक्री विभागाच्या रिपोर्टमध्ये ४,८१२ सक्रिय ग्राहक आहेत आणि हिशेब विभागाच्या रिपोर्टमध्ये ४,३६५. फरक ४४७. या ४४७ वर विसंबू नका, ती फक्त वजाबाकी आहे. दोन्हींकडून ग्राहक क्रमांकांच्या याद्या घ्या आणि एकमेकींसमोर लावा. ६२० जण फक्त विक्रीच्या यादीत आणि १७३ जण फक्त हिशेबाच्या यादीत निघाले, तर फरक एकाच बाजूने नाही, दोन्ही बाजूंनी आहे. मला ही पायरी सगळ्यात मोलाची वाटते, कारण प्रश्न इथेच सापडतात.

आता दोन्ही ढिगांतून एकेक ग्राहक उचला आणि त्याचे व्यवहार उघडून बघा. पहिल्याने ३ जूनला ऑर्डर दिली आणि ११ जूनला सगळा माल परत केला. दुसऱ्याची ऑर्डर २९ मेची, पैसे मात्र २ जूनला जमा झाले. म्हणजे एका रिपोर्टने ऑर्डरची तारीख धरली असावी आणि दुसऱ्याने पैसे जमा झाल्याची, शिवाय परतावा वजा करून. हा अजून अंदाजच आहे, तो मेसेजमध्ये निकालासारखा लिहू नका. दोन्ही याद्या एकाच दिवशी काढल्या होत्या का, तेवढं मात्र पाहून घ्या. नंतर आलेले परतावे जुन्या यादीत नसतात.

मग लिहा: ‘नमस्कार, जूनचे दोन रिपोर्ट जुळवण्याआधी तुमची व्याख्या समजून घ्यायची आहे. महिना ठरवताना तुम्ही ऑर्डरची तारीख धरता की पैसे जमा झाल्याची? संपूर्ण परतावा झालेला ग्राहक मोजता का? एकाच माणसाची दोन खाती असली तर एक धरता की दोन? सोबत दोन ग्राहक क्रमांक देत आहे, ते तुमच्याकडे कसे मोजले गेले तेही सांगाल का? शक्य असेल तर क्वेरीतल्या अटी पाठवा.’

‘तुमचा आकडा कमी का येतो?’ असं विचारू नका. समोरचा बचावाला लागतो आणि व्याख्या बाजूलाच राहते.

उत्तर आल्यावर त्यांच्या अटी आपल्या डेटावर लावून पुन्हा मोजा. ६२० आणि १७३ पैकी जे तरीही उरतील, ताळमेळ फक्त त्यांचा करायचा.